तारे बाजूला ठेवल्यावर

या चित्राच्या मधोमध एक पोकळी आहे, आणि चित्र नीट पाहायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. पोकळीभोवती लाल वायूचं जाडसर, फाटक्या काठांचं कडं. कड्याच्या आतल्या बाजूला निळसर-हिरवी झाक. मधे जवळजवळ काळोख. हा रोझेट तेजोमेघ. मृगातल्या काक्षीपासून पूर्वेला, हात लांब करून धरलेल्या एका मुठीएवढ्या अंतरावर, शृंगाश्व तारकासमूहात तो आहे. आकाशात त्याची रुंदी पूर्ण चंद्राच्या अडीचपट भरते, तरी नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्याचा प्रकाश इतक्या मोठ्या जागेवर विरळ पसरलेला आहे आणि त्यातला बराचसा हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या गडद लाल रंगात आहे. अंधाराला सरावलेला डोळा या रंगाला जवळपास आंधळा असतो.

चित्र बेळगावच्या एका मित्राचं. काढलं कणकुंबीला. जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, खानापूर तालुक्यातलं हे गाव लोकांना माहीत असतं ते मलप्रभेच्या उगमासाठी आणि माउलीच्या देवळासाठी. पाऊस तिथे इतका पडतो की वर्षातले कितीतरी महिने आकाश नावाची गोष्ट नसतेच. पण हिवाळ्यात हवा निवळली की घाटमाथ्यावरचा अंधार अजून शाबूत आहे. एका बाजूला बेळगावच्या दिव्यांचा फिकट उजेड क्षितिजाला लागून दिसतो, पश्चिमेला गोव्याच्या किनाऱ्याचा. रोझेट या दोन्हींच्या तावडीत सापडत नाही. जानेवारीअखेर रात्री साडेदहाच्या सुमारास तो इथल्या क्षितिजापासून ७९ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. त्रास होतो तो दवाचा. जंगल ओलावा सोडतं, मध्यरात्रीनंतर भिंगावर बारीक बाष्प धरतं, आणि तारे टोकदार न राहता फुगीर येतात. या फुगलेल्या ताऱ्यांकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

कॅमेऱ्यातून आलेल्या कितीतरी फ्रेम एकमेकींवर रचून जे पहिलं चित्र तयार होतं, त्यात पोकळी अशी ठळक दिसत नाही. दिसतात ते तारे. शृंगाश्वातून आकाशगंगेचा पट्टा जातो, त्यामुळे इथली पार्श्वभूमी ताऱ्यांनी गच्च भरलेली आहे. तेजोमेघ अंधूक, तारे हजारोपट तेजस्वी. अंधूक भाग वर आणायला चित्र ताणायला लागावं तर तारे त्याआधीच पांढरेफेक होऊन पसरतात आणि त्यांच्यामागचं कडं झाकून टाकतात. अडचण नुसत्या प्रमाणाची आहे. एकच ताण दोघांना सोसत नाही. म्हणून दोघांना वेगळं करायचं, तेजोमेघाला हवा तेवढा ताण द्यायचा, ताऱ्यांना बेताने, आणि मग परत एकत्र आणायचं.

“तारे काढून टाकलो नाही रे, बाजूला ठेवलोय,” असं मित्र म्हणतो. म्हणायला सोपं आहे. पण बाजूला ठेवताना तिथे मागे नेमकं काय उरतं, यावर या चित्राचा सगळा खरेपणा अवलंबून आहे.

आधीची रीत मास्कची होती. ताऱ्यांच्या जागी पांढरं आणि बाकी सगळीकडे काळं, असं एक वेगळं करडं चित्र बनवायचं. ते मूळ चित्रावर चढवलं की पुढची प्रक्रिया ताऱ्यांना लागू द्यायची की ताऱ्यांना वगळून बाकीच्यांना, हे आपल्या हातात येतं. खरी कसोटी मास्कच्या काठाची. तारा म्हणजे एक पिक्सेल नव्हे. त्याचा प्रकाश मध्यापासून बाहेर मंदावत जातो, आणि दवाच्या रात्री तर फारच लांबवर जातो. मास्क ताऱ्याच्या गाभ्यापुरता कापला तर ही बाहेरची झालर उघडी राहते आणि प्रक्रियेनंतर प्रत्येक ताऱ्याभोवती काळं वा उजळ कडं उमटतं. म्हणून मास्क काही पिक्सेलने फुगवतात आणि काठ मऊ करतात. जास्त फुगवला तर शेजारचा तेजोमेघही त्यात जातो. कणकुंबीच्या चित्रात हा मध्य साधणं अवघड होतं, कारण पहाटेच्या फ्रेममधले तारे संध्याकाळच्या फ्रेममधल्यांपेक्षा जाड होते. मित्राने दवाने भिजलेल्या फ्रेम सरळ बाद केल्या. प्रकाश कमी झाला, पण ताऱ्यांचा आकार एकसारखा झाला. पुढच्या सगळ्या पायऱ्यांना याचा फायदा झाला, आणि माझ्या मते या चित्रातला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

आता स्टारनेटसारखे प्रोग्रॅम आहेत. निकिता मिस्युरा यांनी बनवलेला हा प्रोग्रॅम तारे असलेल्या आणि तारे काढलेल्या चित्रांच्या जोड्यांवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क आहे. सिरिल या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममधूनही तो चालवता येतो. चित्र दिलं की काही मिनिटांत बिनताऱ्यांचं चित्र हातात. मास्क नको, ब्रश नको. पण हे करताना तो नेमकं काय करतो? ज्या पिक्सेलवर ताऱ्याचा प्रकाश होता, तिथे तेजोमेघाचा प्रकाश किती असावा याचा अंदाज करतो. मंद ताऱ्याखाली दोन-तीन पिक्सेल असतात. शेजारी पाहून केलेला अंदाज तिथे जवळपास नेहमी बरोबर येतो. तेजस्वी ताऱ्याखाली पन्नास-साठ पिक्सेलचं वर्तुळ असतं आणि कॅमेऱ्याचा सेन्सर तिथे तुडुंब भरून गेलेला असतो. मोजलेलं असं तिथे काहीच नाही. जे दिसतं ते पटण्याजोगं असतं, एवढंच म्हणता येईल.

व्यावसायिक खगोलशास्त्रातली वजाबाकी वेगळी असते. तिथे एकाच जागेची दोन छायाचित्रं घेतात. एक फक्त हायड्रोजनच्या रेषेतला प्रकाश सोडणाऱ्या अरुंद फिल्टरमधून. दुसरं त्याच्या शेजारच्या तरंगलांबींत, जिथे तारे असतात पण तेजोमेघ नसतो. दुसऱ्या चित्राला योग्य गुणकाने गुणून पहिल्यातून वजा केलं की तारे जातात, वायू राहतो. चिलीतून दक्षिण आकाशाचा जो हायड्रोजन-आल्फा नकाशा २००१ साली प्रसिद्ध झाला, तो याच पद्धतीने केलेला आहे. यात कोणी काही भरत नाही. गुणक चुकला किंवा ताऱ्याचा रंग नेहमीपेक्षा वेगळा असला तर तिथे काळा-पांढरा डाग राहतो, आणि तो डाग लपवला जात नाही. चित्र कुरूप दिसतं, पण कुठे विश्वास ठेवायचा ते कळतं.

मित्राकडे या दोन्हींचं साहित्य होतं. चारशे मिलिमीटर फोकल लेन्ग्थची छोटी दुर्बीण, रंगीत सेन्सरचा कॅमेरा, आणि हायड्रोजन व ऑक्सिजन या दोनच रेषा सोडणारा फिल्टर. फिल्टर लावून पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम, एकूण सहा तासांच्या आसपास. त्याखेरीज फिल्टर काढून तीस-तीस सेकंदांच्या फ्रेम, त्या केवळ ताऱ्यांसाठी. कारण दोन रेषांच्या फिल्टरमधून आलेल्या ताऱ्यांचे रंग बिघडलेले असतात. निळा तारा आणि नारिंगी तारा दोघेही जवळपास सारखेच पांढुरके दिसतात. तेव्हा तेजोमेघ एका साठ्यातून आणि तारे दुसऱ्या साठ्यातून. तारे बाजूला ठेवण्याचा खरा फायदा इथे कळतो. फिल्टरच्या चित्रातले तारे प्रोग्रॅमने काढले ते टाकूनच दिले, आणि त्यांच्या जागी खऱ्या रंगांचे तारे आणून बसवले.

बसवणं हेही नुसती बेरीज नव्हे. तेजोमेघ ताणून उजळ केल्यावर त्यावर तारे बेरजेने टाकले तर काय होतं, ते एका पिक्सेलवर पाहू. शून्य म्हणजे काळं आणि एक म्हणजे पूर्ण पांढरं, असं धरू. मूळ चित्रात त्या पिक्सेलवर तेजोमेघ आणि तारा मिळून ०.९, बिनताऱ्यांच्या चित्रात ०.४. साधी वजाबाकी केली तर ताऱ्याच्या वाट्याला ०.५ येतात. आता तेजोमेघ उजळून ०.४ चा ०.६ केला आणि तारा परत मिळवला, तर १.१ होतात. एकाच्या वर जागा नाही. तिन्ही रंग छताला टेकतात आणि निळा तारा पांढरा होतो. म्हणून ताणलेल्या चित्रात उलट्या प्रतींचा गुणाकार वापरतात:

```
stars  = 1 - (1 - original) / (1 - starless)
result = 1 - (1 - starless) * (1 - stars)
```

पहिल्या ओळीने ताऱ्याची किंमत साधारण ०.८३ येते. तेजोमेघ ०.६ झाल्यावर दुसऱ्या ओळीने एकूण ०.९३ होतात. छताला न टेकता तारा आपल्या रंगात राहतो. तेजोमेघाला हात न लावता परत जोडलं तर पुन्हा नेमके ०.९ मिळतात, हा या सूत्राचा प्रामाणिकपणा. फिल्टरशिवायच्या फ्रेममधले तारेही याच पहिल्या ओळीने सुटे केले आणि दुसऱ्या ओळीने इथे आणून बसवले.

आता बिनताऱ्यांचं चित्र समोर ठेवू. हा टप्पा पाहणाऱ्याला पहिल्यांदा जवळजवळ दचकवतो. गर्दी संपते आणि कड्याला खोली येते. लाल वायू सपाट नाही हे कळतं. तो पापुद्र्यांसारखा एकमेकांवर आहे आणि वायव्येच्या बाजूला त्यातून काळ्या धुळीच्या तारा, गाठी, सोंडा निघालेल्या आहेत. ताऱ्यांच्या चुऱ्यात या सोंडा कुठल्या कुठे हरवलेल्या होत्या. त्यांतली पान्यासारखी दिसणारी एक सोंड शास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यासलेली आहे. नुसत्या बारीक ठिपक्यांएवढ्या दिसणाऱ्या काळ्या गोळ्याही आहेत. आणि मग लक्षात येतं की या सोंडांची टोकं सैरभैर नाहीत. ती सगळी मध्याकडे, त्या पोकळीकडे रोखलेली आहेत.

कशाकडे? चित्रात तर तिथे काही नाही. तिथे जे होतं ते आपण बाजूला ठेवलंय.

पोकळीत एनजीसी २२४४ हा तारकागुच्छ आहे. लांबट चौकोनासारख्या मांडणीतले त्याचे तारे छोट्या दुर्बिणीतूनही दिसतात. एचडी ४६२२३ आणि एचडी ४६१५० हे त्यातले दोन अत्यंत तप्त, ओ वर्गाचे तारे. त्यांच्या अतिनील किरणांनी हा वायू पेटलेला आहे, त्यांच्या वाऱ्याने मधली जागा रिकामी केली आहे, आणि धुळीच्या सोंडा तशा रोखलेल्या आहेत कारण त्यांच्या टोकांवरचा दाट गोळा मागच्या धुळीला आडोसा देतो. आजूबाजूचा विरळ भाग झिजून गेला, आडोशातला उरला. ठिपक्यांच्या रांगोळीत रेषा पूर्ण झाल्यावर ठिपके पुसले तरी रेषा कुठल्या ठिपक्यांना धरून काढली ते कळतंच. इथेही तसंच आहे. हे चित्र तारे नसताना अधिक ताऱ्यांबद्दल बोलतं.

पोकळीचीही गोष्ट आहे. तिचा व्यास संपूर्ण तेजोमेघाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरतो, आणि ताऱ्यांचं वय व त्यांच्या वाऱ्याचा जोर पाहता ती बरीच मोठी असायला हवी होती. २०१८ साली लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर वेगवेगळ्या आकारांचे ढग धरून हे तपासलं. मूळ ढग गोळ्यासारखा न धरता पातळ चादरीसारखा धरला तर हिशेब जुळतो, कारण वाऱ्याचा बराचसा भाग चादरीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर निसटून जातो. पोकळी रिकामीही नाही. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने तिथे लाखो अंश तापलेला विरळ वायू पाहिलेला आहे. आपला कॅमेरा त्याला काळोख समजतो.

नेमक्या याच पोकळीत बिनताऱ्यांच्या चित्रावर सर्वांत कमी विश्वास ठेवायला हवा. सगळ्यांत तेजस्वी तारे इथेच, म्हणजे अंदाजाने भरलेली सगळ्यांत मोठी वर्तुळंही इथेच. शिवाय फिल्टरच्या काचेतून परावर्तित झालेल्या प्रकाशाची फिकी निळसर वलयं तेजस्वी ताऱ्यांभोवती राहतात. प्रोग्रॅम त्यांना तारा समजत नाही, तशीच ठेवतो, आणि ती ऑक्सिजनच्या धुक्यासारखी दिसतात. खोटं ओळखायची खूण अशी: वलय नेहमी ताऱ्याच्या जागेभोवती गोल असतं आणि त्याची कड एकसारखी असते, वायूला इतका शिस्तीचा काठ नसतो. मित्राने चित्राच्या मध्यातला निळसर रंग मुद्दाम कमी केला, तो याच संशयाने. जरा जास्तच कमी केला, असं मला वाटतं. कड्याच्या आतल्या काठाची हिरवट झाक खरी होती आणि तीही थोडी गेली.

वायव्येच्या बारीक काळ्या गोळ्या खऱ्या की भरलेल्या, हे तपासायची त्याची रीत मात्र नमुनेदार. पुष्कळ लोक फ्रेमचे दोन गट करतात, दोन वेगळी चित्रं बनवतात आणि जे दोन्हींत दिसेल ते खरं मानतात. गोंगाटाच्या बाबतीत ही कसोटी चांगली. पण तारे दोन्ही गटांत त्याच जागी असतात, म्हणून अंदाजाची चूकही दोन्हींत तिथेच आणि तशीच होते. त्याने मग शास्त्रज्ञांची वजाबाकी घरच्या साहित्यावर केली. फिल्टरच्या चित्रातल्या लाल रंगातून फिल्टरशिवायच्या चित्रातला लाल रंग, मंद तारे दिसेनासे होतील अशा गुणकाने गुणून, वजा केला. फिल्टरशिवायच्या लाल रंगात तेजोमेघही थोडा असतोच, त्यामुळे तोही थोडा कमी झाला. आकार मात्र बदलले नाहीत. हे चित्र दाणेदार आणि डागाळलेलं होतं. तेजस्वी ताऱ्यांच्या जागी काळी भोकं. पण ज्या गोळ्या याही चित्रात होत्या त्या त्याने ठेवल्या. दोन गोळ्या फक्त स्टारनेटच्या चित्रात होत्या आणि दोन्ही मंद ताऱ्यांच्या जोडीच्या अगदी जागेवर होत्या. त्या त्याने शेजारच्या करड्या रंगात मिसळून दिल्या.

अखेरच्या छापलेल्या चित्रात तारे परत आले आहेत, पण सगळे सारखे नाहीत. पार्श्वभूमीतल्या ताऱ्यांचा थर त्याने मंद केला आहे, आणि इथे तो जुना मास्क पुन्हा कामी आला: एनजीसी २२४४ च्या भागापुरता मऊ काठाचा मास्क लावून त्या ताऱ्यांना तेवढं पूर्ण तेज दिलं. हा कलावंताचा हस्तक्षेप आहे. आकाशात शृंगाश्वातले इतर तारे असे नमून उभे नाहीत. तरीही तो मला मान्य आहे, कारण ज्यांनी हे कडं घडवलं त्यांना गर्दीतून वेगळं केलं तर चित्र खोटं सांगत नाही. काय महत्त्वाचं तेवढं दाखवतं. खाली तसं लिहावं मात्र. त्याने लिहिलं आहे.

एक तारा या मांडणीत खटकतो. गुच्छाच्या टोकाला, सर्वांत तेजस्वी, पिवळसर. हा १२ मोनोसेरोटिस. गुच्छ सुमारे पाच हजार प्रकाशवर्षं दूर. हा तारा त्याच्या कितीतरी अलीकडे आहे, फक्त आपल्या दृष्टिरेषेत त्याच्यासमोर आला आहे. या तेजोमेघाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. प्रोग्रॅमला हे कळत नाही. त्याला ताऱ्यांचा आकार कळतो, अंतर नाही. गुच्छाच्या मास्कमध्ये तोही सापडला आणि तोही उजळला. मित्राला विचारलं तर म्हणाला की मुद्दाम ठेवला. खऱ्या रंगांचे तारे बसवण्याची सगळी खटपट त्या एका पिवळ्या ताऱ्यात दिसते. मला ते अर्धंच पटलं. रंग दिसतो हे खरं, पण घडवणाऱ्यांच्या रांगेत बसायचा त्याला काय हक्क? त्याला पार्श्वभूमीच्या थरात टाकलं असतं तर रंगही राहिला असता आणि मांडणीही चोख झाली असती.

छापील चित्राशेजारी त्याने बिनताऱ्यांची प्रत लावली आहे. मला तिसरीही हवी होती: मूळ चित्रातून बिनताऱ्यांचं चित्र वजा केल्यावर उरणारी, फक्त ताऱ्यांची. ती सहसा कोणी छापत नाही, पण प्रोग्रॅमने काय उचललं ते तिथेच कळतं. आदर्श म्हणजे काळ्यावर फक्त गोल ठिपके. त्याच्या संगणकावर मी ती ताणून पाहिली तेव्हा वायव्येच्या कड्याजवळ, पान्याच्या सोंडेच्या उजळ काठाशी, एक लांबट लालसर पुसट ओरखडा दिसला. तारा लांबट नसतो. तेवढा तेजोमेघ ताऱ्यांबरोबर उचलला गेला होता. अखेरच्या चित्रात तो परत आलेला नाही, कारण तिथले तारे दुसऱ्या साठ्यातून आणलेले. सोंडेचा तो काठ छापील चित्रात आहे त्यापेक्षा थोडा अधिक उजळ असायला हवा, आणि पुढच्या हिवाळ्यात आणखी लांब फोकल लेन्ग्थने नेमका तेवढाच भाग टिपायचं त्याने ठरवलं आहे.